दोन-तीन प्रयोगांचा सायकॉलॉजी पेपर: कोणता चालतो, काय लागतं आणि कुठं अडकतो

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पीएचडीची पोरं दोन-तीन प्रयोग एकत्र करून पेपर पाठवतात आणि तो रिव्ह्यूला न जाताच एडिटरकडून परत येतो, असं फार वेळा बघितलंय. बहुतेकदा थिसिसचे चॅप्टर जसेच्या तसे एकापुढे एक चिकटवलेले असतात, म्हणून हे लिहितोय.

आधी पात्रता. सगळे प्रयोग एकाच प्रश्नाचे हवेत, आणि दुसरा प्रयोग पहिल्याने शिल्लक ठेवलेल्या शंकेतून निघालेला हवा. प्रयोग १ आणि २ ची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडत नसेल तर ते दोन वेगळे पेपर आहेत, एकात कोंबू नका.

सांगाडा एपीए स्टाइलमध्ये असा:

```
(Introduction: हेडिंग नाही, वर पेपरचं टायटल)
Experiment 1
    Method
    Results
    Discussion
Experiment 2
    Method
    Results
    Discussion
General Discussion
```

Experiment आणि General Discussion एकाच लेव्हलचे, Method त्यांच्या खालच्या. रिझल्ट छोटे असतील तर Results and Discussion एकत्र चालतं. दुसऱ्या मेथडमध्ये सगळं परत लिहायचं नाही, "प्रयोग १ प्रमाणेच, फक्त अमुक बदल" एवढं बास, पण सहभागी मात्र प्रत्येक वेळी नव्याने सांगायचे, किती, कुठून घेतले, किती गळले, आणि पहिल्या प्रयोगातलं कोणी परत आलं का.

आता खरी अडचण, छोटं डिस्कशन. समजा भुसावळच्या एका कॉलेजात एफवायच्या एका गटाने धडा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवून लिहिला आणि मग बरोबर उत्तरं बघितली. आठवड्याने परीक्षा घेतली, आठवून लिहिणारे पुढे. इथं पोरं लगेच शिक्षणपद्धती, पालक, सगळ्या भारतावर दोन पानं लिहून मोकळी होतात. ते सगळं जनरल डिस्कशनचं आहे भो! इथं फक्त काय निघालं आणि कोणती शंका उरली एवढंच. शंका समोरच आहे: फायदा आठवण्याचा की उत्तरं बघायला मिळाल्याचा? मग प्रयोग २ मध्ये तिसरा गट घ्यायचा, जो आठवून लिहील पण उत्तरं बघणार नाही. छोटं डिस्कशन या शंकेच्या वाक्यावर थांबलं पाहिजे, पुढचा प्रयोग तिथूनच सुरू होतो.

जनरल डिस्कशनमध्ये आधीची छोटी डिस्कशन परत कॉपी करू नका. तिथं प्रयोग एकमेकांशी बोलले पाहिजेत. आणि इथंच सगळ्यात मोठी चूक होते: प्रयोग १ मध्ये फरक सिग्निफिकंट आला, २ मध्ये नाही आला, म्हणून लगेच "उत्तरं न दिल्याने परिणाम गेला" असं लिहितात. एक सिग्निफिकंट आणि दुसरा नाही, यावरून त्या दोघांत फरक आहे हे सिद्ध होत नाही. तो फरक थेट तपासायचा. वरच्या उदाहरणात प्रयोग २ मध्येच उत्तरं बघितलेला आणि न बघितलेला असे दोन्ही गट ठेवून समोरासमोर तुलना करा, किंवा दोन्ही प्रयोगांचा डेटा एकत्र घेऊन इंटरॅक्शन बघा. नमुना लहान असेल तर "परिणाम नाही" हे तर म्हणूच नका. G*Power मध्ये दोन गट, d = 0.5, अल्फा 0.05 टू-टेल्ड, पॉवर 0.80 टाकलं की प्रत्येक गटाला 64 मुलं निघतात, आणि आपल्याकडे 30-30 वर भागवतात.

कागदपत्रांमध्ये संमतीपत्र, डेटा, साहित्य हे नेहमीचंच. कोणाकडेच नसतं ते म्हणजे प्रत्येक प्रयोगाला लागू होणारं एथिक्स कमिटीचं पत्र. पहिल्या प्रयोगाचं पत्र असतं, दुसऱ्यात गट वाढवला, प्रोसिजर बदलली, पण कमिटीला कळवलेलंच नसतं. बदल डेटा घेण्याआधी मंजूर करून घ्यायचा, नंतर मागच्या तारखेचं पत्र मागत फिरू नका, मिळत नाही आणि मिळूही नये. प्रीरजिस्ट्रेशनचंही तसंच, डेटा बघून केलेलं प्रीरजिस्ट्रेशन नसतंच. ते न केलेला प्रयोग असेल तर सरळ एक्स्प्लोरेटरी म्हणून लिहा.

शेवटचं, मुदत. रिव्ह्यूअरने "अजून एक प्रयोग करा" म्हटलं की पोरं रिव्हिजनची तारीख बघतात आणि लगेच वर्गात फॉर्म वाटायला पळतात. ती मुदत सुधारित पेपर पाठवायची असते, त्यात कमिटीची मंजुरी पण बसवावी लागते, आणि आपल्याकडच्या कमिट्या कधी बसतील ते त्यांनाच माहीत. त्यामुळे रिव्हिजनचं पत्र आलं की त्याच आठवड्यात एडिटरला मेल करून कारणासकट वाढीव मुदत मागा, मग प्रयोगाची तयारी.