भेटीची लिंक: सोय कधी होते आणि काम कधी होते

आपल्या कॅलेंडरमधील मोकळ्या वेळा दाखवून समोरच्यालाच भेट ठरवू देणारी लिंक दोन प्रसंगी पाठवली जाते. दोन्हीकडे लिंक तीच असल्यामुळे हे प्रसंग एकच वाटतात. प्रत्यक्षात भेट कोणाला हवी आहे यावर सारे अवलंबून असते. कोल्हापुरात राजारामपुरीतील करसल्लागाराकडे अशिलाने वेळ मागितली आणि त्याने लिंक दिली, तर अशिलाचे दोन-तीन फोन वाचतात. त्याच सल्लागाराला शिरोली एमआयडीसीतील एखाद्या फाउंड्रीमालकाकडे स्वतःचे काम मागायचे असेल, तर ‘सोबतच्या लिंकवर वेळ बुक करावी’ एवढाच निरोप म्हणजे गरज आपली आणि खटपट त्यांची. त्यात ‘कृपया’ घातल्याने फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या प्रसंगी निरोप असा असावा: ‘नमस्कार साहेब, जीएसटीच्या नोटिशीसंबंधी वीस मिनिटे बोलायचे आहे. मंगळवारी सकाळी ११ किंवा बुधवारी दुपारी ४ यांपैकी सोयीची वेळ कळवल्यास नोंद मी करतो. या वेळा जमत नसतील आणि स्वतः पाहून ठरवणे बरे वाटत असेल, तर खाली लिंक दिली आहे.’ येथे ‘मंगळवार चालेल’ एवढे उत्तर पुरते आणि लिंक ही केवळ जादा सोय उरते.

मात्र सुचवलेल्या दोन्ही वेळा निरोप पाठवण्यापूर्वीच आपल्या कॅलेंडरवर ‘व्यस्त’ म्हणून अडवून ठेवाव्यात, अन्यथा त्यांचे उत्तर येईपर्यंत दुसराच कोणी लिंकवरून ती वेळ घेईल आणि दिलेला शब्द मागे घ्यावा लागेल. अडवलेल्या वेळा लिंकवर दिसत नाहीत, याने गोंधळ होत नाही, कारण त्या निरोपात लिहिलेल्याच असतात. उत्तर आल्यावर उरलेली वेळ लगेच मोकळी करावी.

लिंक पाठवण्यापूर्वी ती ब्राउझरच्या खासगी विंडोत, म्हणजे पाहुण्याच्या नजरेने, एकदा उघडून पाहावी. निरोपात वीस मिनिटे लिहून पानावर तासाचे भाग दिसत असतील, तर निरोपावरचा विश्वास तेथेच उडतो. आठवडाभरात एखादीच वेळ मोकळी दिसत असेल, तर ती लिंक न पाठवलेलीच बरी. फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल असतेच. त्यापुढे पत्ता, कंपनी, भेटीचे कारण असे ज्यांची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक आहेत ते प्रश्न काढून टाकावेत. आपल्या मोठ्या अशिलाला स्वतःचेच नाव-गाव पुन्हा भरायला लावणे हा खरा उद्धटपणा आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

एक अडचण मात्र सेटिंगने सहसा सुटत नाही. लिंकवर वेळ घेतल्याची पावती बहुधा ईमेलवर जाते आणि दिवसभर भट्टीजवळ उभा असणारा माणूस ईमेल संध्याकाळीही उघडेलच असे नाही. त्यामुळे नोंद होताच ‘बुधवारी दुपारी ४ वाजता मीच फोन करतो’ अशी एक ओळ व्हॉट्सअॅपवर आपणच पाठवावी. दोन दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर तीच लिंक पुन्हा पाठवू नये. सरळ फोन करून वेळ विचारावी आणि नोंद आपणच करावी.