ग्रॅच्युइटीच्या हिशेबात २६ कुठून आले?

नोकरी सोडताना हातात पडणाऱ्या फुल अँड फायनलच्या कागदावर ग्रॅच्युइटीचे सूत्र एका ओळीचे असते: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. महिना तीस दिवसांचा असताना भागाकार २६ ने का, हा प्रश्न कोणालाही पडावा. कायदा झाला १९७२ साली, पण हा आकडा त्यात लिहायला आणखी पंधरा वर्षे लागली.

१९७२ आधी देशभर लागू असा सर्वसाधारण ग्रॅच्युइटी कायदा नव्हता. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ च्या कायद्यात तरतूद होती. बाकीच्यांना काय मिळायचे ते मालकाशी झालेल्या करारावर किंवा औद्योगिक न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर ठरे. ही रक्कम मालकाच्या मेहेरबानीची नाही, केलेल्या सेवेबद्दलची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने गारमेंट क्लीनिंग वर्क्सच्या खटल्यात १९६१ सालीच सांगितले. तरी किती द्यायची हा वाद राहिलाच. दिल्ली क्लॉथ मिल्सच्या खटल्यात १९६८ साली न्यायालयाने कापड उद्योगापुरता हिशेब मूळ वेतनावर धरला आणि महागाई भत्ता बाहेर ठेवला. गिरणी कामगाराच्या पगारात भत्त्याचा वाटा केवढा असे, हे आठवले की या निकालाचे वजन कळते.

पुढे केरळ आणि पश्चिम बंगालने आपापले कायदे केले. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा झाला तर अनेक राज्यांत कारखाने असलेल्यांची आणि बदलीवर जाणाऱ्या कामगारांची पंचाईत होणार, म्हणून केंद्राने पेमेंट ऑफ ग्रॅच्युइटी अॅक्ट आणला. तो १६ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला. त्याने वेतनाच्या व्याख्येत महागाई भत्ता घेतला. घरभाडे, बोनस, ओव्हरटाइम वगळले. पाच वर्षांची सलग सेवा हवी, मात्र मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन. शेवटचे वर्ष अपुरे असेल, तर सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. साखर कारखान्यासारख्या हंगामी कामाला, जिथे कामगार फक्त हंगामापुरता असतो, दर हंगामाला सात दिवस.

इथेच फट राहिली. मासिक पगारदाराचे ‘पंधरा दिवसांचे वेतन’ म्हणजे किती, हे कायद्यात नव्हते. मालकांनी सोपा अर्थ घेतला: अर्धा महिना, अर्धा पगार. कामगारांचे म्हणणे असे की महिन्यात चार साप्ताहिक सुट्ट्या जातात, काम सव्वीस दिवसांचे होते आणि अख्खा पगार त्या सव्वीस दिवसांत कमावला जातो. मग एका दिवसाचे वेतन पगाराचा सव्विसावा भाग, आणि अशा पंधरा दिवसांची रक्कम अर्ध्या पगाराहून जास्त.

जामनगरच्या दिग्विजय वुलन मिल्सच्या एका कर्मचाऱ्याने हा मुद्दा लढवला. गुजरात उच्च न्यायालयाने सव्वीसचा भाजक मान्य केला आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. मालकांचे समाधान झाले नाही. जीवनलाल (१९२९) लिमिटेड या कंपनीच्या खटल्यात तोच वाद पुन्हा आला आणि १९८४ साली न्यायालयाने पुन्हा तेच उत्तर दिले. शेवटी १९८७ च्या दुरुस्तीने कलम ४(२) ला स्पष्टीकरण जोडले: मासिक वेतनाला २६ ने भागावे आणि १५ ने गुणावे. कमाल मर्यादाही तेव्हाच बदलली. आधी ती वीस महिन्यांच्या पगाराइतकी होती, नंतर रुपयांत आली: पन्नास हजारांपासून सुरू होऊन २०१८ मध्ये वीस लाखांपर्यंत.

फरक केवढा पडतो ते एका उदाहरणात पाहू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये, सेवा १७ वर्षे ८ महिने. आठ महिने सहाच्या वर, म्हणून वर्षे १८. ३१,२०० भागिले २६ म्हणजे १,२००. पंधरा दिवसांचे १८,०००. अठरा वर्षांचे ३,२४,०००. तीसने भागले असते तर हाती २,८०,८०० आले असते. तफावत ४३,२०० रुपयांची, आणि ती फक्त भाजकाची. सेवा नेमकी १७ वर्षे ६ महिने असती तर मात्र वर्षे सतराच, कारण सहा महिने ओलांडायला हवेत.

आपल्या कागदावर कोणता भाजक लागला हे उलटे तपासता येते. मिळालेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी आणि मग शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या बेरजेने भागावे. उत्तर ०.५७७ च्या आसपास आले तर २६ लागले आहेत, बरोबर ०.५ आले तर कोणीतरी अर्धा पगार धरला आहे. ०.५७७ हून कमी असा तिसराच आकडा आला तर बहुधा महागाई भत्ता गळला आहे किंवा एक वर्ष खाल्ले आहे. सरकारी कर्मचाऱ्यांनी ही कसोटी लावू नये. त्यांचा नियम स्वतंत्र आहे: दर पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचे वेतन, जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांचे.

शिल्लक रजेच्या पैशांची गोष्ट निराळी, कारण तिथे सगळ्यांना लागू असा भाजक कधीच ठरला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली आणि नोकरी सुटली तर न घेतलेल्या रजेचे वेतन देणे बंधनकारक केले. त्यात दर होता आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी कमाई. म्हणजे सव्वीसचाच विचार, फक्त आकडा न लिहिता. सरकारी सेवेत उलट तीसने भागतात, कमाल तीनशे दिवस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. कार्यालयांत मात्र हिशेब बहुतेक कंपनीच्या धोरणाप्रमाणे चालतो. वरच्याच पगारावर ४२ दिवसांचे पैसे २६ ने ५०,४०० होतात आणि ३० ने ४३,६८०. म्हणून रजेचा आकडा पटत नसेल तर आधी नेमणूकपत्र आणि रजेचे धोरण वाचावे. ग्रॅच्युइटीचे सूत्र इथे आपोआप लागू होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने १९७२ च्या कायद्याची जागा घेतली. ठरावीक मुदतीच्या नोकरीला आता पाचऐवजी एक वर्ष पुरते. त्याहून मोठा बदल वेतनाच्या व्याख्येत आहे: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. मूळ पगार १५,६०० आणि एकूण ४८,००० असे स्लिप बनवलेल्या माणसाचा हिशेब आता २४,००० वर होईल. वर्षाला ९,००० ऐवजी सुमारे १३,८४६. दिल्ली क्लॉथच्या वेळी भत्ता हिशेबाबाहेर गेला होता, तो १९७२ ने आत आणला. नंतर मूळ पगार छोटा ठेवून भत्ते फुगवायची रीत आली, तिला हा लगाम. भाजक मात्र २६ च राहिला.