पीडीएफ उघडली म्हणजे सेव्ह झाली नाही

नमस्कार मंडळी. व्हॉट्सॲप तुम्हा सगळ्यांना येतं, तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं गुड मॉर्निंग मला रोज सकाळी येतं, तेव्हा मेसेज कसा पाठवायचा वगैरे मी शिकवत बसणार नाही. गॅलरीचंही एकाच वाक्यात उरकते: पीडीएफ म्हणजे फोटो नाही, ती गॅलरीत दिसत नाही, तिथे शोधू नका. झालं.

मला बोलायचंय ते वेगळ्याच घोळाबद्दल, आणि तो ऐकून ऐकून माझे कान किटलेत. "अगं माझ्याकडे आहे ना ती पीडीएफ, मी उघडून बघितली की!" बघितलीत हो, पण ठेवलीत कुठे? सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा कागद वाचला म्हणून तो आपल्या कपाटात येतो का? चॅटमध्ये दिसणारी पीडीएफ ही एक गोष्ट आणि फोनच्या फोल्डरमध्ये आपण ठेवलेली पीडीएफ ही दुसरी गोष्ट. दोन्ही दिसायला सेम, उघडतातही तशाच, म्हणूनच फसायला होतं.

चॅटमधल्या फाइलवर तुम्ही बोट ठेवता तेव्हा ती फोनमध्ये उतरते हे खरं, पण उतरते ती व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ती व्हॉट्सॲपच्या ताब्यात असते, तुमच्या नाही. मग एक दिवस फोन भरतो, नातू म्हणतो "आजी दे, मी साफ करतो", आणि तो व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Manage storage मध्ये जाऊन मोठमोठे व्हिडिओ निवडून उडवतो, आणि त्या झपाट्यात कुठल्या तरी ग्रुपमधल्या पीडीएफपण जातात. किंवा तुम्हीच एखादं जुनं चॅट डिलीट करता आणि सोबत मीडियाही काढायचा का असं विचारतो तिथली टिक तशीच राहते. किंवा चॅटला मेसेज आपोआप गायब होण्याचा टायमर लावलेला असतो, 24 तासांचा, 7 दिवसांचा किंवा 90 दिवसांचा. आणि फाइलवर खाली बाण दिसत असेल तर ती अजून उतरलेलीच नाही, फार दिवस तशीच ठेवलीत की व्हॉट्सॲप सरळ सांगतं, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. आता दोन वर्षांपूर्वीच्या लॅबवाल्याला कुठे शोधणार?

समजा मालाडच्या एक मावशी आहेत. मार्चमध्ये ब्लड टेस्ट केली, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, उघडून बघितला, शुगर ठीक, फोन ठेवून दिला. सप्टेंबरमध्ये दादरला डॉक्टरांकडे गेल्या, डॉक्टर म्हणाले मागचा रिपोर्ट दाखवा. मावशी चॅट वर वर सरकवतायत, मागे रांग लागलीय, सणांच्या शुभेच्छा, लग्नाचे फोटो, शेवटी लॅबचं चॅट सापडलं तर त्यात फाइलचं नाव DOC-20250312-WA0007.pdf, आणि बोट ठेवलं तर उघडेना. त्या नावात 2025, 03 आणि 12 म्हणजे 12 मार्च 2025, हे कळतं एवढंच. रक्त नाही, शुगर नाही, मावशींचं नावसुद्धा नाही.

रिपोर्ट आला त्याच दिवशी, घरी बसल्या बसल्या, हे केलं असतं तर ही वेळ आली नसती. अँड्रॉइड फोनवर गूगलचं Files नावाचं ॲप असतं, सॅमसंगमध्ये My Files, दोन्हीकडे काम साधारण तेच, नावं थोडी इकडेतिकडे. ते उघडा, Documents वर जा, तिथे व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल दिसते, सगळ्यात नवीन बहुतेक वरतीच. तिच्या शेजारचे तीन ठिपके दाबा, Copy to, मग Internal storage, मग Download फोल्डर, आणि खाली Copy here. आता तुमची स्वतःची कॉपी झाली. चॅट उडवा, नातवाला साफसफाई करू दे, हिला धक्का लागत नाही.

मग नाव बदला, पण कॉपीचं. हे मी दोनदा सांगते कारण सगळे घाईत उलटं करतात. आधी कॉपी, मग Download मध्ये जाऊन त्या कॉपीचं नाव बदलायचं. मूळ फाइलचं नाव बदललंत तर व्हॉट्सॲप जुन्याच नावाने शोधत बसतं आणि चॅटमधून ती उघडत नाही, आणि मग मला फोन येतो की फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत असते. Rename दाबून "रक्त रिपोर्ट मार्च 2025" असं काहीतरी लिहा, शेवटचं .pdf मात्र पुसू नका. आणि नाव मराठीत दिलंत तर शोधतानाही मराठीतच टाइप करा, इंग्रजीत blood लिहून ते सापडणार नाही. मी स्वतः मराठीत ठेवते, पण मुलं परदेशातून तुमचा फोन सांभाळत असतील तर इंग्रजीत ठेवा बापडे.

कॉपी केली की फोन भरेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. असा रिपोर्ट साधारण काही शे केबी असतो, फोन भरतो तो गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी.

आयफोनवाल्यांनो, तुमचं सोपं आहे, चॅटमधली फाइल उघडा, शेअरचा चौकोन-बाण दाबा, Save to Files, मग On My iPhone आणि त्यात फोल्डर निवडून Save. एसएमएसमधल्या लिंकवरून फाइल उघडली असेल तर वरचा खाली-बाण दाबल्याशिवाय ती तुमची नाही, आणि अशा लिंक काही दिवसांनी बंद पडतात.

शेअर करायचं तर आता फार सांगायला नको. Files मध्ये फाइल दाबून धरा, शेअर, व्हॉट्सॲप, माणूस निवडा. चॅटमधून पाठवत असाल तर पिन दाबून Document घ्या, Gallery नाही. स्क्रीनशॉट पाठवू नका हो, चार पानी रिपोर्टचं पहिलंच पान जातं, आणि एका फोनची स्क्रीन दुसऱ्या फोनने काढून पाठवणारे तर, त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाही. ई-आधारची पीडीएफ पाठवलीत तर समोरच्याला पासवर्डही लागतो, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष, पण तो त्याच मेसेजमध्ये लिहू नका, फोन करून सांगा.

आणि नावाच्या शेवटी .apk असेल तर ती पीडीएफ नाहीच, ते ॲप असतं. लग्नपत्रिका म्हणून येतं, चलान म्हणून येतं. उघडायचं नाही, डिलीट.

चला, सगळ्यांनी फोन काढा, Files उघडा आणि शेवटची आलेली पीडीएफ Download मध्ये कॉपी करा. ज्यांना Documents दिसत नाही त्यांनी हात वर करा, मी येते.