नॉर्मल म्हणजे स्तंभिका

दोडामार्ग, बांदा या भागातली काही मुलं दहावी मराठी माध्यमातून करून अकरावी सायन्सला गोव्यात येतात. (तिकडचं ज्युनिअर कॉलेज ते आपल्याकडचं हायर सेकंडरी.) विज्ञान त्यांना येत असतं, अडतं ते इंग्रजी पुस्तक वाचताना. मग वहीच्या मागच्या पानांवर यादी सुरू होते: फोर्स म्हणजे बल, मास म्हणजे वस्तुमान. असे शब्द सहसा दगा देत नाहीत. दगा देतात ते ओळखीचे वाटणारे.

'नॉर्मल' घ्या. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, इथवर तो सगळ्यांना ठाऊक. प्रकाशाच्या धड्यात मात्र नॉर्मल म्हणजे स्तंभिका: किरण आरशावर जिथे पडतो, तिथे आरशाला काटकोनात काढलेली रेघ. आपाती कोन मोजायचा तो या रेघेपासून. गणितात 'किरण आरशाशी 30 अंशांचा कोन करतो' असं दिलं असेल, तर आपाती कोन 60 अंश. 'नॉर्मल'वरून नजर नुसती घसरली की मुलं 30 लिहून मोकळी होतात. चूक ओळखायला सोपी आहे, कारण लिहिलेला आणि खरा कोन यांची बेरीज बरोबर 90 भरते. म्हणून वहीत अर्थाशेजारी छोटी आकृती काढावी आणि धड्याचं नावही टाकावं. रसायनशास्त्रातलं नॉर्मल द्रावण हे आणखी तिसरंच प्रकरण आहे.

दुसरा घोळ नेटवरच्या तयार याद्यांमुळे होतो, कारण त्यांतल्या पुष्कळशा हिंदीवरून उचललेल्या असतात. हिंदीत रेडिएशन म्हणजे विकिरण. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात रेडिएशनला प्रारण म्हणतात, आणि विकिरण हा शब्द स्कॅटरिंगसाठी राखलेला आहे. त्यासाठी हिंदीत प्रकीर्णन आहे. मराठीतून शिकलेल्या मुलाला विकिरण म्हटलं की निळं आकाश आठवतं. सूर्याची उष्णता पृथ्वीवर कशी पोचते, या प्रश्नाला तो हवेतल्या रेणूंची गोष्ट लिहून येतो.

अशा जोडीला वहीत एक कसोटी जोडून ठेवावी: वाटेत कण लागतात का? प्रारणाला काहीच लागत नाही, ते निर्वात पोकळीतूनही येतं. विकिरण व्हायला प्रकाशाच्या वाटेत कण हवेतच. हवेच्या रेणूंइतके बारीक कण असले की तरंगलांबी जितकी कमी तितकं विकिरण जास्त, आणि तेही चौथ्या घाताने. 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 700 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या जवळजवळ सहापट विखुरतो.

यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावण्यापेक्षा धड्यांप्रमाणे ठेवलेली बरी, असं माझं मत. आणि जे शब्द दहावीपर्यंत आलेच नाहीत, त्यांना मराठी प्रतिशब्द हुडकत बसू नये. एंट्रॉपी ही सरळ एंट्रॉपीच लिहावी, शेजारी तिचं एकक मांडावं: ज्यूल प्रति केल्विन.