पक्क्या पायाच्या पोर्टल फ्रेमचा कोसळभार

दोन पोलादी खांब, वर आडवी तुळई आणि खांबांची बुडे पायात जखडलेली, असा सांगाडा नेमका किती भाराला कोसळेल हे प्लास्टिक विश्लेषणाने काढता येते. एखादा छेद पूर्ण यील्ड झाला की तिथे प्लास्टिक हिंज तयार होते. तो छेद Mp, म्हणजे त्याला पेलवणारा कमाल आघूर्ण, धरून ठेवतो, पण फिरू लागतो. पुरेशी हिंजेस झाली की सांगाड्याची यंत्रणा बनते.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात असू शकेल अशी एक लहान शेड घेऊ. गाळा ८ मी., उंची ५ मी., सर्वत्र Mp = २०० kN·m. तुळईच्या मध्यावर हॉइस्टचा १०० kN भार आहे आणि डाव्या कोपऱ्यावर वाऱ्याचा ६० kN आडवा रेटा. दोन्ही भार λ पटीने वाढवत नेले, तर कितव्या पटीला फ्रेम कोसळेल?

बीम यंत्रणेत तुळईच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर हिंजेस होतात. टोके θ कोनाने फिरली की मध्यबिंदू ४θ खाली येतो; भाराने केलेले काम आणि हिंजेसमध्ये खर्च होणारे काम समान धरले की ४००λ = ४Mp आणि λ = २.०. सांगाडा आडवा सरकतो त्या स्वे यंत्रणेत चारही खांबटोके फिरतात: ३००λ = ४Mp, λ = २.६७. या दोन्हींची बेरीज केली की डाव्या कोपऱ्यातली फिरकी परस्परविरुद्ध असल्याने तिथले हिंज नाहीसे होते आणि ८Mp मधून २Mp वजा होतात. उरते ७००λ = ६Mp, म्हणजे λ = १.७१. वेगवेगळ्या पाहिलेल्या दोन्ही यंत्रणांपेक्षा संयुक्त यंत्रणा आधी घडते.

पण कुठलीही कल्पिलेली यंत्रणा खऱ्या कोसळभाराइतका किंवा त्याहून जास्तच भार दाखवते. त्यामुळे आघूर्णांची तपासणी केल्याशिवाय उत्तर मान्य करू नये. λ = १.७१ ला आडवा भार १०२.९ kN होतो. उजव्या खांबाच्या दोन्ही टोकांना Mp असल्याने त्यातील कर्तन ४००/५ = ८० kN, म्हणून डाव्या खांबाकडे २२.९ उरतो. त्यावरून डाव्या कोपऱ्याचा आघूर्ण २०० − ११४.३ = ८५.७ kN·m येतो. तो Mp च्या आत आहे, इतर कुठेही Mp ओलांडला जात नाही, म्हणून १.७१ हेच उत्तर.

यात सर्वांत नाजूक गृहीतक पायाचे आहे. मऊ मातीत पाया थोडा कलला तरी कोसळभार तत्त्वतः बदलत नाही, कारण बुडाशी Mp उशिरा का होईना, पण गाठला जातो. मात्र कललेला सांगाडा आडवा जास्त सरकतो आणि उभ्या भारांमुळे जादा आघूर्ण येतात, ते या साध्या हिशेबात नाहीत. खरा घात बेसप्लेट कमजोर असल्यास होतो. खांबाच्या वेबजवळच दोन अँकर बोल्ट असतील, तर बूड जवळजवळ पिनसारखे वागते. तेव्हा संयुक्त यंत्रणेत ७००λ = ४Mp, म्हणजे λ केवळ १.१४.

शिवाय हिंज फिरत असताना फ्लँज किंवा वेब चेपता कामा नये. म्हणून IS ८००:२००७ ही पोलादी बांधकामाची भारतीय संहिता या विश्लेषणासाठी हिंजच्या ठिकाणी ‘प्लास्टिक’ वर्गाचाच छेद मागते. पातळ वेबच्या निमुळत्या पीईबी, म्हणजे कारखान्यात आधीच तयार केलेल्या, फ्रेमना हा हिशेब लावू नये.