गुगल मॅपवर दुकानाची नोंद: पात्रता, कागदपत्रं आणि व्हिडिओ पडताळणी

आमच्या ऑनलाइन सेंटरवर पीकविम्याच्या आणि दाखल्यांच्या गर्दीत आता दुकानदारही येऊ लागले आहेत. "मॅपवर दुकान टाकून द्या" एवढंच ते सांगतात. टाकायला अर्धा तास पुरतो. अडतं ते पडताळणीत, आणि त्याआधी नाव-पत्त्यात केलेल्या चुकीत. म्हणून इथे जास्त भर त्यावरच देतो. उदाहरणाला चोपड्यातल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाची नोंद घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी एकदमच आल्या होत्या.

ज्या सोयीतून ही नोंद होते तिचं नाव Google Business Profile. पूर्वी तिला गुगल माय बिझनेस म्हणत, नाव 2021 मध्ये बदललं. तिला फी नाही. "गुगलमधून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर तुमचं दुकान मॅपवरून काढू" असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा, आणि ओटीपी तर अजिबात सांगायचा नाही.

आता पात्रता. नोंदीत दिलेल्या वेळेत गिऱ्हाइकाला समोरासमोर भेटणारा धंदा हवा. मग तो दुकानात बसून भेटो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी किंवा मळ्यात जाऊन भेटो. निव्वळ ऑनलाइन माल विकणाऱ्याला ही नोंद मिळत नाही. घरूनच काम करणारे, म्हणजे बोअरची मोटर काढायला मळ्यात जाणारे किंवा मेसचा डबा पोचवणारे, पात्र आहेत. मात्र गिऱ्हाईक त्यांच्या घरी येत नसेल तर पत्ता लपवून फक्त सेवेची गावं द्यावी लागतात. अशी जास्तीत जास्त 20 गावं-भाग देता येतात, आणि सगळा पसारा घरापासून गाडीने साधारण दोन तासांच्या आतला असावा लागतो. एका जागेवरच्या एका धंद्याची एकच नोंद करायची. मालक आणि मुलगा दोघांनी वेगवेगळी केली की दोन्ही अडकतात.

कागदपत्रं अर्ज भरताना मागत नाहीत, आणि इथेच लोक फसतात. ती लागतात पडताळणीच्या वेळी किंवा नोंद निलंबित झाल्यावर. तेव्हा शोधाशोध नको म्हणून आधीच काढून ठेवावी: शॉप अॅक्टची पावती किंवा नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवाना, आणि दुकानाचं लाइट बिल. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. या सगळ्यांवर दुकानाचं नाव आणि पत्ता एकसारखा आहे का, ते एकदा बोट ठेवून वाचा. आमच्या या रिवाइंडिंगवाल्या भाऊंचं लाइट बिल वडिलांच्या नावावर होतं. अशा वेळी निदान बिलावरचा पत्ता आणि शॉप अॅक्टवरचा पत्ता जुळला पाहिजे, आणि धंद्याचं नाव शॉप अॅक्टवर स्पष्ट हवं.

नाव भरायचं ते पाटीवर लिहिलेलं, तेवढंच. भाऊंच्या पाटीवर देवाचं नाव आणि पुढे "मोटर रिवाइंडिंग" असं आहे. त्यांनी घरी बसून भरलं होतं ते असं: देवाचं नाव, मग मोटर रिवाइंडिंग, मग "सबमर्सिबल पंप दुरुस्ती चोपडा बेस्ट", शेवटी मोबाइल नंबर. शोधात वर येण्याची युक्ती म्हणून लोक हे करतात, पण गुगलच्या नियमांत ते बसत नाही. काम कोणतं ते सांगायला वेगळा रकाना आहे, त्याला कॅटेगरी म्हणतात. मुख्य एक आणि जास्तीच्या नऊ मिळून दहा देता येतात. मुख्य कॅटेगरी म्हणून त्यांनी Electric motor repair shop निवडली. राज्याच्या नियमाने दुकानाची पाटी मराठी देवनागरीत लागतेच, म्हणून नोंदीतलं नावही त्याच पाटीशी जुळतं ठेवलं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्याला शंका राहत नाही.

पत्ता भरल्यावर पिन बघायचा. "बसस्टँडजवळ, चोपडा 425107" एवढाच पत्ता टाकल्यावर त्यांचा पिन भलत्याच ठिकाणी पडला होता. दुकान मागच्या गल्लीत आणि पिन मुख्य रस्त्यावर. अडावदहून जळालेली मोटर पिकअपमध्ये घालून आलेला माणूस तिथे उभा राहून फोन करणार, "कुठंय दुकान?" सॅटेलाइट नकाशा लावून आपला पत्रा ओळखा आणि पिन ओढून बरोबर त्यावर ठेवा. गल्लीला नाव नसेल तर मॅपमध्ये त्या जागेचा प्लस कोड मिळतो. पत्ता विचारणाऱ्याला तोही पाठवता येतो.

वेळेच्या रकान्यात एका दिवसाचे दोन तुकडे करता येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उन्हाळ्यात दुपारी शटर अर्धं ओढून माणूस जेवायला गेलेला असतो आणि मॅप मात्र "उघडं आहे" म्हणतो. सकाळी 9 ते 1 आणि दुपारी 4 ते 8 असे दोन खण भरा. आखाजी, पोळा, दिवाळी अशा दिवसांसाठी विशेष वेळ वेगळी भरायची असते. ती भरली नाही तर सणाच्या दिवशी नोंदीवर वेळ वेगळी असू शकते अशी सूचना दिसते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं.

आता मुख्य गोष्ट, पडताळणी. पद्धत तुम्ही निवडत नाही, गुगल ठरवतं. कुणाला फोनवर कोड येतो, कुणाला मेलवर, कुणाला पत्त्यावर पोस्टकार्ड, आणि पुष्कळ जणांना व्हिडिओ. पोस्टकार्ड आलंच तर त्याला साधारण 14 दिवस लागतात, आणि तोवर नाव-पत्त्याला हात लावायचा नाही. पोस्टमनला सांगून ठेवलेलं बरं.

भाऊंच्या वाट्याला व्हिडिओची पद्धत आली. घरातून आणलेला जुना व्हिडिओ चालत नाही. Get verified दाबल्यावर मोबाइलवर तिथल्या तिथे चित्रित करून तिथूनच पाठवायचा असतो. मध्ये थांबवून जोडलेला नको, एकाच फटक्यात झाला पाहिजे, निदान 30 सेकंदांचा. पहिल्या वेळी ते दुकानात बसूनच वाइंडिंगच्या मशीनवर कॅमेरा फिरवून मोकळे झाले. काही दिवसांनी उत्तर आलं, पडताळणी झाली नाही. ते वैतागून सेंटरवर आले, "दुकान त दखाडी दिधं, आते आखो काय दखाडू?"

दाखवायच्या गोष्टी तीन. दुकान कुठे आहे, खरंच आहे का, आणि ते तुमचंच आहे का. पहिल्या व्हिडिओत मधली एकच होती. मशीन कुठल्याही गावात असू शकतं.

दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी शटर बंद असतानाच सुरुवात केली. आधी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मुख्य रस्ता आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी घेतली, दोन सेकंद थांबून, म्हणजे अक्षरं वाचता येतील. मग चालत चालत आपल्या पाटीपर्यंत. पाटीवर पुन्हा थांबलो. मग भाऊंनी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने कुलूप उघडलं आणि शटर वर केलं. हाच सगळ्यात कामाचा भाग आहे, कारण किल्ली परक्याकडे नसते. आत गेल्यावर तांब्याच्या तारेची रिळं, वाइंडिंग मशीन, अर्धवट गुंडाळलेली एक मोटर. शेवटी भिंतीवर लावलेली शॉप अॅक्टची पावती आणि दुकानाच्या नावाचं बिलबुक. दोन मिनिटांच्या आत सगळं झालं. कुणाचा चेहरा, आधार कार्ड किंवा बँकेचं पासबुक येऊ द्यायचं नाही. खालच्या गल्लीत नेट अडखळत होतं, म्हणून आधी बाहेर येऊन रेंज तपासून घेतली होती. तपासणीला पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात. त्यांचं चौथ्या दिवशी झालं.

नोंद आधीच कुणी करून ठेवलेली असेल तर नवीन करू नका. तिच्यावरच हक्क सांगायचा असतो. ती दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर Request access दाबावं, समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. हे टाळायचं तर पहिल्यापासून दुकानदाराच्याच जीमेलवर नोंद करावी. सेंटरवाल्याला किंवा भाच्याला फक्त मॅनेजर म्हणून जोडायचं. मी स्वतः हाच आग्रह धरतो, कारण उद्या माझं सेंटर बंद झालं तर दुकानाची किल्ली माझ्या मेलमध्ये अडकायला नको.

भाच्याचंच सांगतो. पडताळणी झाल्यावर महिन्याभराने त्याने हौसेने नावापुढे पुन्हा "बेस्ट सबमर्सिबल" जोडलं आणि नोंद निलंबित झाली. मॅपवरून दुकान गेलं. अपील करता येतं, पण आधी नाव पाटीप्रमाणे करून घ्यायचं, आणि अपिलाचा अर्ज उघडल्यावर पुरावे जोडायला 60 मिनिटंच मिळतात. म्हणून शॉप अॅक्ट, उद्यम आणि लाइट बिल मोबाइलमध्ये आधी तयार ठेवूनच अर्ज उघडला. नोंद परत आली.

रिव्ह्यूबद्दल दोनच गोष्टी. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा चहा देणं, घरच्यांनीच पाच तारे टाकणं नियमात बसत नाही. आणि वाईट रिव्ह्यू मालकाला पुसता येत नाही. शिवीगाळ, खोटं खातं, दुसऱ्याच दुकानाचा किस्सा असं असेल तर तक्रार करता येते, पण "एक तारा दिला" हे काढून टाकायला पुरेसं कारण नाही. भाऊंनी स्विचबोर्डाशेजारी रिव्ह्यूचा क्यूआर कागद चिकटवला आहे. मागच्या आठवड्यात एकाने एक तारा देऊन लिहिलं, "दोन महिन्यात मोटर पुन्हा जळाली." भाऊंनी खाली उत्तर दिलं: "मोटर घेऊन या. आधी स्टार्टर आणि व्होल्टेज तपासू. वाइंडिंगची चूक असेल तर मजुरी घेणार नाही." तो माणूस मंगळवारी मोटर घेऊन आला. वाइंडिंग ठीक होतं, स्टार्टरचा ओव्हरलोड रिले बायपास केलेला निघाला.