395 डॉलरचे आज किती रुपये? महागाई आणि विनिमय दर यांची गल्लत

1972 साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत एचपी-35 नावाचा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. साइन, कोसाइन, लॉगॅरिदम अशी गणितं करणारा आणि तरीही खिशात मावणारा हा पहिलाच कॅल्क्युलेटर. त्याला 35 बटणं होती, म्हणून नाव 35. तोवर इंजिनिअर लोकांच्या हातात स्लाइड रूल असे. किंमत होती 395 डॉलर.

हा आकडा समोर आला की मराठी माणूस लगेच विचारतो, म्हणजे आजचे किती रुपये झाले? प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर काढताना दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. महागाई सांगते की एकाच देशातला पैसा काळाच्या ओघात किती पातळ झाला. विनिमय दर सांगतो की एका ठरावीक दिवशी एका देशाच्या पैशाला दुसऱ्या देशाचा किती पैसा मिळतो. महागाईने आपण एका सालातून दुसऱ्या सालात जातो, विनिमय दराने एका चलनातून दुसऱ्या चलनात. दोन्हींमुळे आकडा फुगतो, म्हणून ती एकच गोष्ट वाटते.

सर्वात जास्त दिसणारी चूक आधी बघू. या हिशेबात "आज" म्हणजे 2024 धरू. डॉलर साधारण 84 रुपये धरला (2024 ची सरासरी याच्या आसपास होती), तर 395 गुणिले 84 म्हणजे सुमारे 33 हजार रुपये. "अरे, फक्त तेहतीस हजार!" असं म्हणून लोक मोकळे होतात. यात 1972 चा डॉलर घेऊन त्याला 2024 च्या डॉलरचा दर लावला आहे. 84 रुपये मिळतात ते आजच्या डॉलरला, आणि 1972 चा डॉलर त्याहून कितीतरी वजनदार होता.

हे कोणी लक्षात आणून दिलं की दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असते. "बरोबर, महागाई राहिलीच की," असं म्हणत तेच 33 हजार भारतातल्या पन्नासएक वर्षांच्या महागाईने गुणले जातात. आपल्याकडे या काळात किमती सुमारे 46 पट झाल्या. उत्तर येतं पंधरा लाखांच्या वर. इथे भारताची महागाई बऱ्याच अंशी दोनदा मोजली गेली. रुपया साडेसात-आठवरून चौऱ्याऐंशीपर्यंत घसरला, त्यामागचं एक मोठं कारण हेच की आपल्याकडच्या किमती अमेरिकेपेक्षा फार वेगाने वाढल्या. आजचा दर वापरला की ती वाढ आकड्यात आलेलीच असते.

या गोंधळातून बाहेर पडायला मी एक साधी सवय लावून घेतली आहे. प्रत्येक आकड्यावर दोन शिक्के मारायचे, चलन आणि साल. 395 वर शिक्का आहे "डॉलर, 1972". आपल्याला जायचंय "रुपये, 2024" कडे. एका पायरीत एकच शिक्का बदलायचा. साल बदलायचं असेल तर त्याच चलनाच्या देशाची महागाई लावायची. चलन बदलायचं असेल तर त्याच सालचा दर लावायचा. पहिल्या चुकीत दोन्ही शिक्के एका फटक्यात बदलले होते. दुसऱ्या चुकीत "रुपये, 2024" हा शिक्का बसलेला असूनही सालाचा गुणाकार पुन्हा केला होता.

या नियमाने जायला दोनच वाटा उरतात.

पहिली वाट अमेरिकेतून. आधी साल बदला, मग चलन. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक 1972 मध्ये 41.8 होता आणि 2024 मध्ये सुमारे 313.7, म्हणजे किमती साडेसात पट झाल्या. 395 गुणिले 7.5 म्हणजे आजचे सुमारे 2,960 डॉलर. त्याला आजचा 84 चा दर लावला की जवळपास अडीच लाख रुपये होतात.

दुसरी वाट भारतातून. आधी चलन बदला, मग साल. 1972 मध्ये डॉलर सुमारे 7 रुपये 60 पैसे होता, म्हणून 395 डॉलरचे तेव्हाचे झाले सुमारे 3,000 रुपये. आता या तीन हजारांना 1972 पासूनची भारताची महागाई लावायची, आणि इथे थोडं थांबावं लागतं. आपल्याकडे इतका जुना, सलग चालत आलेला निर्देशांक म्हणजे औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. केंद्राचा श्रम ब्युरो तो काढतो. पण त्याचं पायाभूत वर्ष मधेमधे बदललं आहे. आधी 1960, मग 1982, मग 2001 आणि आता 2016. दर वेळी नवी मोजणी 100 पासून सुरू होते. 1972 चा आकडा 1960 च्या पायावर सुमारे 202 आहे, तर 2024 चा आकडा 2016 च्या पायावर सुमारे 141. हे दोन आकडे तसेच शेजारी ठेवले तर पन्नास वर्षांत किमती उतरल्या असा निष्कर्ष निघेल! म्हणून जोडणीचे गुणक वापरावे लागतात. 2016 वरून 2001 च्या पायावर यायला 2.88, तिथून 1982 वर यायला 4.63 आणि 1982 वरून 1960 वर यायला 4.93. हे सगळे 141 ला क्रमाने गुणले की सुमारे 9,270 येतात. 9,270 भागिले 202 म्हणजे जवळपास 46 पट. वर वापरलेला 46 आला तो इथूनच. तीन हजार गुणिले 46 म्हणजे 1 लाख 38 हजार रुपये.

दोन्ही वाटा नियमाने चालल्या, गणित दोन्हींचं बरोबर आहे, तरी एक उत्तर अडीच लाख आणि दुसरं त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. इथे अनेकजण वैतागून दोन्हींची सरासरी काढतात. कृपा करून ते करू नका, कारण या दोन आकड्यांमधल्या फरकालाच अर्थ आहे.

रुपया जर फक्त दोन देशांच्या महागाईतल्या तफावतीइतकाच घसरला असता, तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या असत्या. आपल्या किमती 46 पट, त्यांच्या साडेसात पट, म्हणजे आपण सहा पटींहून किंचित जास्त पुढे गेलो. त्या हिशेबाने 7 रुपये 60 पैशांचा डॉलर 2024 मध्ये 47 च्या आसपास असायला हवा होता. तो होता 84. म्हणजे महागाईच्या तफावतीपलीकडेही रुपया घसरला. याचं एक मोठं कारण असं की 1972 चा 7.60 हा मोकळ्या बाजारात ठरलेला भावच नव्हता. दर सरकारी धोरणाने बांधलेला होता आणि परकीय चलन परवानगीशिवाय मिळत नसे. त्या दरात रुपया कृत्रिमरीत्या महाग ठेवलेला होता. 1991 च्या जुलैच्या सुरुवातीला दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि 1993 मध्ये दर बाजारावर सोपवला गेला, तेव्हा ती दडपलेली घसरण उघड झाली.

म्हणून कोणती वाट धरायची हे प्रश्नावरून ठरवावं. अमेरिकेतल्या माणसाला ही वस्तू किती महाग वाटली असेल, ते आपल्या आजच्या पैशात समजून घ्यायचं असेल, तर पहिली वाट. तिथल्या त्या वेळच्या किमान वेतनावरून ताळा करून बघता येतो. 1972 मध्ये संघराज्याचं किमान वेतन तासाला 1.60 डॉलर होतं. त्या दराने 395 डॉलर कमवायला सुमारे 247 तास लागत, म्हणजे आठवड्याला चाळीस तास धरले तर सहा आठवड्यांची पूर्ण मजुरी. अडीच लाख हा आकडा या चित्राशी विसंगत वाटत नाही.

पण प्रश्न असा असेल की पुण्या-मुंबईतल्या एखाद्या इंजिनिअरने त्या काळी हा कॅल्क्युलेटर मागवायचा म्हटलं असतं तर त्याच्या खिशाला किती चटका बसला असता, तर दुसरी वाट. त्यातही 1 लाख 38 हजार हा तळाचा आकडा समजावा. त्यात आयात शुल्क नाही, आणि त्या अधिकृत दराने डॉलर हातात पडले असं गृहीत धरलं आहे. सामान्य माणसाला ते सहसा पडत नसत.

शिवाय एक गोष्ट या दोन्ही वाटांमध्ये येतच नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. महागाईचा निर्देशांक किमती किती वाढल्या ते सांगतो, उत्पन्न किती वाढलं ते सांगत नाही. 1972 च्या सुमाराला भारताचं दरडोई वार्षिक उत्पन्न हजार रुपयांच्या आत होतं. तीन हजार रुपये म्हणजे सरासरी माणसाचं तीन वर्षांहून जास्त वर्षांचं उत्पन्न. आज दरडोई वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या घरात आहे, म्हणजे त्याच प्रमाणात आजचा आकडा सहा लाखांच्या पुढे जातो. "तेव्हा परवडलं असतं का?" असं विचारायचं असेल तर उत्तर या तिसऱ्या आकड्यात आहे.

आणि यातल्या एकाही आकड्याचा अर्थ "आज कॅल्क्युलेटरची किंमत एवढी असायला हवी" असा होत नाही. निर्देशांक कुटुंबाच्या अख्ख्या टोपलीचा असतो. त्यात धान्य, भाडं, कपडे, प्रवास सगळं एकत्र मोजलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक वस्तू त्या टोपलीच्या उलट दिशेने गेल्या. आज शाळकरी मुलाच्या दप्तरातला हजार-दीड हजारांचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर एचपी-35 पेक्षा जास्त कामं करतो. टोपल्याही दोन देशांच्या सारख्या नाहीत. आपल्या कामगार निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा अमेरिकेपेक्षा बराच मोठा आहे. म्हणून पहिल्या वाटेचं उत्तरही मी "अडीच लाखांच्या आसपास" असं गोल करून सांगतो. 2,48,816 असा आकडा कोणी दिला तर त्यातले शेवटचे चार आकडे केवळ कॅल्क्युलेटरने दिलेले असतात.

जुनी किंमत साठच्या दशकातली असेल तर साल सोडून तारीखही बघा. 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. शंभर डॉलरची वस्तू आदल्या दिवशी 476 रुपयांची होती, ती त्या दिवशी 750 रुपयांची झाली. अमेरिकेतल्या दुकानातली चिठ्ठी बदलली नव्हती, आणि आपल्याकडचा ज्वारीचा भावही रातोरात दीडपट झाला नव्हता. नुसतं "1966" एवढंच लिहिलेली डॉलरची किंमत भारताच्या वाटेने आणायची असेल, तर ती त्या जूनच्या अलीकडची की पलीकडची हे कळल्याशिवाय पहिलाच गुणाकार करता येत नाही.